एकच फेरी, तीन भेटी

बायनरी ट्री शिकवताना तीन ट्रॅव्हर्सल एका दमात सांगून टाकतात. प्री-ऑर्डर म्हणजे रूट-लेफ्ट-राईट, इन-ऑर्डर म्हणजे लेफ्ट-रूट-राईट, पोस्ट-ऑर्डर म्हणजे लेफ्ट-राईट-रूट, झालं, पाठ करा. परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण मला ही पद्धत कधीच आवडली नाही, कारण त्यातून असं वाटत राहतं की ट्रीमधून फिरायचे तीन वेगवेगळे रस्ते आहेत आणि आपण त्यातला एक निवडतोय. तसं नाहीच मुळी. रस्ता एकच आहे. तिन्ही वेळा आपण त्याच नोडवरून त्याच क्रमाने खाली जातो, तिथूनच वर येतो, फरक फक्त एवढाच की प्रत्येक नोडपाशी आपण तोंड कधी उघडतो.

एक ट्री घेऊ आणि शेवटपर्यंत तोच ठेवू, नाहीतर दर पॅराग्राफला नवं चित्र डोक्यात काढायला लागतं. सात नोड. रूट ५०. त्याच्या डावीकडे ३०, उजवीकडे ८०. तीसच्या डावीकडे २०, उजवीकडे ४०. चाळीसला फक्त उजवं मूल आहे, ४५. आणि ऐंशीला फक्त डावं, ६०. मुद्दामच जरा वाकडातिकडा घेतलाय, कारण अगदी समतोल ट्रीमध्ये अर्ध्या गमती दिसतच नाहीत. आणि हा बायनरी सर्च ट्री आहे, म्हणजे कुठल्याही नोडच्या डावीकडचं सगळं त्याहून लहान आणि उजवीकडचं सगळं त्याहून मोठं. "सगळं" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच अडणार आहे.

हे चित्र कागदावर काढा आणि पेन्सिल रूटच्या डाव्या अंगाला टेकवून कडेकडेने पूर्ण ट्रीभोवती फिरवा, रेषांना चिकटून, प्रत्येक खाचेत शिरून. पेन्सिल प्रत्येक नोडला तीनदा भेटते. एकदा डाव्या बाजूने खाली उतरताना, एकदा नोडच्या खालून, म्हणजे डावीकडचं संपवून उजवीकडे वळताना, आणि एकदा उजव्या बाजूने वर निघून जाताना. मूल नसलं तरी भेट होतेच, फक्त मधलं अंतर शून्य असतं. कोडमध्ये लिहिलं तर असं:

```python
def phera(n):
    if n is None:
        return
    print(n.key, "p1")
    phera(n.left)
    print(n.key, "p2")
    phera(n.right)
    print(n.key, "p3")
```

आपल्या ट्रीवर हे चालवलं की २१ ओळी येतात, सात नोड गुणिले तीन. मी त्या एकापुढे एक लिहितो, शेजारचा आकडा म्हणजे कितवी भेट:

```
50:1 30:1 20:1 20:2 20:3 30:2 40:1 40:2 45:1 45:2 45:3
40:3 30:3 50:2 80:1 60:1 60:2 60:3 80:2 80:3 50:3
```

आता यातल्या फक्त पहिल्या भेटी वाचा: ५०, ३०, २०, ४०, ४५, ८०, ६०. हे प्री-ऑर्डर. फक्त दुसऱ्या: २०, ३०, ४०, ४५, ५०, ६०, ८०. हे इन-ऑर्डर, आणि सर्च ट्री असल्यामुळे आकडे चढत्या क्रमाने आले. फक्त तिसऱ्या: २०, ४५, ४०, ३०, ६०, ८०, ५०. हे पोस्ट-ऑर्डर. तीन याद्या, पण चालणं एकच. वीसकडे बघा, तो लीफ आहे म्हणून त्याच्या तिन्ही भेटी लागोपाठ झाल्या. पन्नासची पहिली भेट सगळ्यात आधी, तिसरी सगळ्यात शेवटी, आणि अख्खा ट्री त्या दोघींच्या मध्ये.

बरं, मग खरा प्रश्न उरतो तो क्रमाचा नाहीच, तो असा की त्या त्या भेटीच्या वेळी आपल्या हातात कुठली माहिती असते. पहिल्या भेटीला आपण वरून आलेलो असतो, त्यामुळे वरचं सगळं माहीत, कुठल्या कुठल्या नोडवरून आलो, कुठे डावीकडे वळलो, कुठे उजवीकडे. खालचं मात्र काहीच माहीत नाही. तिसऱ्या भेटीला उलट, खालचं सगळं पिंजून झालंय, आता या नोडबद्दल त्याच्या पोटातलं काहीही विचारा. दुसरी भेट विचित्र आहे, डावीकडचं माहीत, उजवीकडचं नाही, आणि ही अर्धवट माहिती उपयोगी पडते ती फक्त डावं-उजवं याला काही अर्थ असेल तेव्हाच. म्हणून फोल्डरच्या आत फोल्डर अशा रचनेत, जिथे एकाला कितीही मुलं असतात, तिथे प्री आणि पोस्ट दोन्ही सहज बसतात पण इन-ऑर्डर म्हटलं की "मधोमध म्हणजे नक्की कुठे" असा प्रश्न येतो.

हे नुसतं बोलून कळत नाही, म्हणून एक काम घेऊ आणि तेच काम तिन्ही भेटींत करून बघू.

समजा कुणीतरी ४५ च्या नोडमधली किंमत बदलून ५५ केली. नोड काढून पुन्हा नीट टाकला नाही, जागच्या जागी आकडा बदलला. हे प्रत्यक्षात होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त होतं, कारण ट्रीमध्ये ठेवलेलं ऑब्जेक्ट दुसऱ्या कुणाच्यातरी हातातही असतं आणि त्याला काय माहीत की या फील्डवर कुणी ट्री बांधलाय. कुठलाही एरर येत नाही. नोड मोजले तर सातच. पण आता ५५ शोधा: पन्नासपाशी उजवीकडे, ऐंशीपाशी डावीकडे, साठपाशी डावीकडे, तिथे रिकामं, सापडलं नाही. बरं जुनं ४५ शोधा: पन्नासपाशी डावीकडे, तीसपाशी उजवीकडे, चाळीसपाशी उजवीकडे, तिथे ५५ बसलाय, त्याच्या डावीकडे रिकामं, सापडलं नाही. म्हणजे नोड ट्रीमध्ये आहे, प्रिंट केला तर दिसतोय, आणि कुठल्याही नावाने हाक मारली तरी ओ देत नाही. असा बग समोर आला की बरेच जण सर्चच्या कोडमध्ये डोकं घालून बसतात. सर्च बिचारा बरोबर आहे.

तर ट्री अजून सर्च ट्री आहे का, हे तपासायचं. सगळ्यात आधी सुचतो तो उपाय असा की प्रत्येक नोड आणि त्याची मुलं तपासायची, डावं लहान, उजवं मोठं. तो इथे फसतो. चाळीसचं उजवं मूल ५५, मोठं आहे, ठीक. तीसचं उजवं ४०, ठीक. पन्नासचं डावं ३०, ठीक. सगळे पास! कारण नियम मुलांचा नव्हता, डावीकडच्या सगळ्यांचा होता, आणि ५५ हा पन्नासच्या डाव्या बाजूला तीन पायऱ्या खाली लपलाय. टीममधल्या एका ज्युनिअरने एकदा नेमका असा चेक लिहून रिव्ह्यूला पाठवला होता आणि खाली टेस्टही होत्या, सगळ्या तीन-तीन नोडच्या, अर्थात सगळ्या हिरव्या. तीन नोडच्या समतोल ट्रीमध्ये मुलं म्हणजेच सगळे वंशज असतात, तिथे हा चेक चुकूच शकत नाही. निदान नातवंडं हवीत. "मग कुठल्या ऑर्डरने तपासू?" असं त्याने विचारलं, आणि त्याचं उत्तर देताना लक्षात आलं की तिन्हीने तपासता येतं, फक्त प्रत्येक वेळी हातात वेगळी शिदोरी लागते.

पहिल्या भेटीत तपासायचं तर वरून हद्द घेऊन उतरायचं. पन्नासला कसलीच हद्द नाही. तिथून डावीकडे गेलो की नवी हद्द, "पन्नासच्या आत". तीसवरून उजवीकडे गेलो की "तीस ते पन्नास". चाळीसवरून उजवीकडे, "चाळीस ते पन्नास". आणि तिथे भेटतो ५५. पकडला.

```python
def tapas(n, lo, hi):
    if n is None:
        return True
    if not (lo < n.key < hi):
        return False
    return (tapas(n.left, lo, n.key)
            and tapas(n.right, n.key, hi))
```

सुरुवातीला `lo` आणि `hi` म्हणून उणे आणि अधिक इन्फिनिटी द्यायची. पाचव्या नोडला काम संपलं, ८० आणि ६० कडे बघावंही लागलं नाही. आणि पत्ताही नेमका मिळाला, हा नोड, ही हद्द, इथे मोडली.

दुसऱ्या भेटीत तपासायचं तर आणखी कमी लागतं, फक्त मागचा आकडा लक्षात ठेवायचा. आधी २०, मग ३०, मोठा आहे, मग ४०, मग ५५, अजून सगळं छान, आणि मग ५०. घसरला. इथे मजा बघा, तक्रार आली ती ५५ पाशी नाही, ५० पाशी. इन-ऑर्डर फक्त एवढंच सांगतो की या दोन शेजाऱ्यांमध्ये काहीतरी बिनसलंय, कोण चुकीचा ते सांगत नाही. आता तुम्ही म्हणाल की मग पहिली पद्धत चांगली, तिने बरोबर ५५ ला धरलं. पण तीही खरं तर गृहीत धरूनच चालते, की वरचे सगळे बरोबर आहेत आणि चूक खालच्याचीच. समजा ५५ पहिल्यापासूनच ५५ होता आणि रूट आधी ५८ होता, तोच कुणीतरी बदलून ५० केला. हे चित्रही अगदी असंच दिसेल आणि प्री-ऑर्डरवाला चेक तरीही ५५ वरच बोट ठेवेल. नुसत्या ट्रीकडे बघून गुन्हेगार ठरवता येत नाही, त्यासाठी बाहेरून काहीतरी लागतं, लॉग म्हणा, जुनी कॉपी म्हणा.

तिसऱ्या भेटीत तपासायचं तर हद्द वरून येत नाही, खालून येते. प्रत्येक नोड वर जाताना सांगतो की माझ्या पोटात सगळ्यात लहान इतका आणि सगळ्यात मोठा इतका. वीस म्हणतो २० ते २०. पंचावन्न म्हणतो ५५ ते ५५. चाळीस बघतो, उजवीकडचा सगळ्यात लहान ५५, माझ्याहून मोठा, ठीक, आणि वर सांगतो ४० ते ५५. तीस बघतो, डावीकडचा मोठा २०, उजवीकडचा लहान ४०, ठीक, वर सांगतो २० ते ५५. मग उजवा भाग, साठ, ऐंशी, तोही ठीक, ६० ते ८०. शेवटी पन्नास बघतो, डावीकडचा सगळ्यात मोठा ५५, आणि मी ५०. मोडलं. म्हणजे अख्खा ट्री फिरून झाल्यावर, अगदी शेवटच्या भेटीत कळलं. तिघांत हा सगळ्यात उशिरा ओरडणारा. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी दोघांकडे नाही, त्याला हे माहीत आहे की तीसच्या खालचा चार नोडचा तुकडा स्वतःपुरता धडधाकट आहे आणि ऐंशीच्या खालचा दोनचाही. ट्रीमधला सगळ्यात मोठा शाबूत सबट्री शोधा, असा प्रश्न आला तर तिथे तिसरी भेटच सरळ पडते, कारण "शाबूत आहे" हे पोटातलं सगळं बघितल्याशिवाय म्हणताच येत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, सारखे आकडे. ट्रीमध्ये दोनदा ५० चालत असेल तर वरच्या कोडमधलं `<` कुठल्या बाजूला `<=` करायचं हे टाकणाऱ्या कोडने ठरवलेलं असतं, आणि तपासणाऱ्याने तेच पाळायला हवं. डावीकडे टाकणारा आणि उजवीकडे धरणारा असे दोघं एकत्र आले की चांगला ट्री बिघडलेला ठरतो. पुढे जाऊ.

दुसरं काम म्हणजे ट्री फाइलमध्ये लिहायचा आणि नंतर तसाच परत उभा करायचा. इथे तीन भेटींमधला फरक फार ठसठशीत दिसतो आणि मला स्वतःला यातलाच एक तुकडा सगळ्यात आवडतो.

नुसती एक यादी, कुठल्याही एका ऑर्डरची, लिहून ठेवली तर साधारण बायनरी ट्री परत मिळत नाही. सात नोडचे ट्री ४२९ वेगवेगळ्या आकारांचे असू शकतात, आणि दिलेली यादी त्या प्रत्येक आकारात बरोबर एका प्रकारे बसते. म्हणजे एक यादी म्हणजे ४२९ शक्यता. मग आपण म्हणतो की ठीक, रिकाम्या जागाही लिहू. सात नोड असले की रिकाम्या जागा आठ, नेहमी नोडपेक्षा एक जास्त, कारण चौदा हातांपैकी सहा हात मुलांना धरून आहेत. पहिल्या भेटीच्या क्रमाने रिकाम्या जागेला `#` लिहीत गेलो तर:

```
50 30 20 # # 40 # 45 # # 80 60 # # #
```

यातून ट्री हुबेहूब परत येतो, पंधरा खुणा वाचल्या की काम फत्ते, कुठे अंदाज करावा लागत नाही. तिसऱ्या भेटीच्या क्रमाने लिहिलं तरी येतो, फक्त उलटीकडून वाचायला लागतं. आता तेच दुसऱ्या भेटीच्या क्रमाने लिहा:

```
# 20 # 30 # 40 # 45 # 50 # 60 # 80 #
```

एक आड एक. आणि हे फक्त आपल्या ट्रीचं नाही, कुठलाही बायनरी ट्री घ्या, कसाही वाकडा, इन-ऑर्डरमध्ये रिकाम्या जागा लिहिल्या की दर वेळी असंच येणार, दोन नोडच्या मध्ये बरोबर एक रिकामी जागा आणि दोन्ही टोकांना एक-एक. आठ खुणा जास्त लिहिल्या आणि माहिती शून्याने वाढली! कारण आकार कळतो तो नोड आणि रिकाम्या जागा कशा पुढेमागे येतात त्यावरून, आणि इथे ते कधी बदलतच नाही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मुद्दाम चार-पाच वेडेवाकडे ट्री काढून बघितले, विश्वासच बसेना.

दोन याद्या ठेवल्या तर? प्री आणि इन दिलं की काम होतं, आकडे सगळे वेगळे असले तर. प्रीमधला पहिला ५०, तो रूट. इनमध्ये ५० शोधा, त्याच्या डावीकडे २०, ३०, ४०, ४५, म्हणजे डाव्या सबट्रीत चार, उजवीकडे दोन. मग प्रीमधले पुढचे चार डावीकडचे, उरलेले दोन उजवीकडचे, आणि प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच. प्री सांगतो डोकं कोण, इन सांगतो वाटणी कुठे. पोस्ट आणि इन असेल तरी तसंच, फक्त डोकं शेवटी. पण प्री आणि पोस्ट अशी जोडी घेतली की फसगत होते. आपल्या ट्रीत ८० आणि ६० बघा. प्रीमध्ये "८०, ६०", पोस्टमध्ये "६०, ८०". साठ हा ऐंशीचं मूल आहे एवढं कळलं, पण डावं की उजवं? दोन्हीकडे ठेवून बघा, दोन्ही याद्या जशाच्या तशा. चाळीस आणि पंचेचाळीसचंही तेच. एकुलतं एक मूल असलेले दोन नोड, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे या दोन याद्यांमध्ये बसणारे चार ट्री. पहिली भेट आणि तिसरी भेट या दोन्ही मुलांच्या बाहेरच्या बाजूला होतात, आत कोण कुठल्या कुशीला आहे ते बघायला मधली भेटच लागते. प्रत्येक नोडला एकतर दोन मुलं किंवा एकही नाही असा ट्री असेल तर मात्र प्री आणि पोस्ट पुरतात.

आणि सर्च ट्री असेल तर एकटा प्री पुरतो, `#` पण नको, कारण त्याचा इन म्हणजे तेच आकडे चढत्या क्रमाने लावलेले. त्याहून सोपं म्हणजे प्रीच्या क्रमाने आकडे एकेक करून रिकाम्या ट्रीत टाकत जा, तोच आकार परत उभा राहतो, कारण प्रत्येक नोड त्याच्या वरच्यानंतरच येतो. एका ठिकाणी मी उलटं बघितलंय, ट्री फाइलमध्ये इन-ऑर्डरने लिहिलेला, कारण फाइल उघडली की आकडे ओळीने लावलेले दिसतात, छान वाटतं. आणि सकाळी सर्व्हिस चालू होताना तीच फाइल वाचून एकेक आकडा टाकायचा. चढत्या क्रमाने टाकलं की प्रत्येक नवा आकडा सगळ्यात मोठा, म्हणजे तो सगळ्यात उजवीकडे जाणार, ट्री कसला, सरळ साखळी. आपल्या सात नोडचा ट्री आधी चार पायऱ्यांचा होता, तो सात पायऱ्यांचा होईल, त्याने काही बिघडत नाही. पण एक लाख आकडे असतील तर नुसतं टाकायलाच सुमारे ५०० कोटी तुलना लागतात. आणि पायथॉनमध्ये रिकर्शनने टाकत असाल तर तिथवर पोचणारच नाही, डिफॉल्ट मर्यादा १००० कॉलची आहे, हजाराच्या आसपास `RecursionError: maximum recursion depth exceeded` येऊन सगळं थांबेल. एका अर्थी ते बरंच, निदान कळतं तरी. मर्यादा वाढवून ठेवली की मग नुसतं हळू होत जातं आणि डेटा वाढला म्हणून असेल असं सगळे म्हणत बसतात. ओळखायची खूण सोपी आहे, ट्रीची उंची छापून बघा. लाख नोडना नीट समतोल ट्रीत १७ पायऱ्या पुरतात. लाखाच्या आसपास आकडा आला तर साखळी. (रेड-ब्लॅक किंवा एव्हीएलसारखा स्वतःला सावरणारा ट्री असेल तर हा त्रास नाही, तिथे कुठल्याही क्रमाने टाका.)

आता रिकर्शनचं नाव निघालंच आहे तर शेवटचं. खोल ट्रीसाठी रिकर्शन काढून स्वतःचा स्टॅक ठेवायचा असतो, आणि तिथे तिन्ही भेटींची किंमत वेगवेगळी आहे हे हाताला जाणवतं. पहिली भेट सगळ्यात स्वस्त. स्टॅकमधून नोड काढा, छापा, आधी उजवं मूल ठेवा मग डावं, संपलं, त्या नोडची पुन्हा गरज नाही. दुसरीसाठी नोड स्टॅकमध्ये ठेवूनच डावीकडे जात राहायचं, रिकामी जागा आली की वरचा काढा, छापा, त्याच्या उजवीकडे वळा. तिसरीला मात्र खरी अडचण येते. स्टॅकच्या डोक्यावर ३० आहे आणि आपण खालून वर आलोय. पण कुठून? वीसकडून आलो असू तर अजून चाळीसकडे जायचंय. चाळीसकडून आलो असू तर आता तीसची पाळी. स्टॅक दोन्ही वेळा अगदी सारखाच दिसतो, ५० आणि त्याच्यावर ३०. रिकर्शनमध्ये हे फुकट मिळतं कारण फंक्शन कुठल्या ओळीवर थांबलंय ते मशीन लक्षात ठेवतं. आपल्याला ते हाताने ठेवावं लागतं, शेवटचा कुणाला निरोप दिला ते:

```python
def post(root):
    stack, n, last = [], root, None
    while stack or n:
        if n:
            stack.append(n)
            n = n.left
        else:
            top = stack[-1]
            if top.right and top.right is not last:
                n = top.right
            else:
                print(top.key)
                last = stack.pop()
```

ती `is not last` वाली अट काढून बघा, लूप चाळीसपाशी अडकतो, पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस, कधीच थांबत नाही. कारण चाळीसला उजवं मूल आहे एवढंच त्याला दिसतं, तिथे आत्ताच जाऊन आलो हे दिसत नाही.

यावर एक चलाख पळवाट सांगतात. प्री-ऑर्डरमध्येच आधी उजवं मग डावं असं फिरा, ५०, ८०, ६०, ३०, ४०, ४५, २०, आणि ती यादी उलटी करा. २०, ४५, ४०, ३०, ६०, ८०, ५०. आलं पोस्ट-ऑर्डर! यादीच हवी असेल तर खुशाल वापरा, मीही वापरतो. पण ते काम तिसऱ्या भेटीत होत नाहीये, पहिल्या भेटीत होतंय आणि नंतर कागद उलटा धरलाय. सी मध्ये ट्रीची मेमरी मोकळी करत असाल आणि फिरता फिरताच `free(n)` म्हणाल, तर पन्नास पहिल्यांदा जाईल, आणि त्यानंतर `n->left` वाचायला गेलात की ती जागा तुमची राहिलेली नाही. कधी जुनंच मूल्य मिळेल आणि सगळं ठीक वाटेल, कधी प्रोग्राम कोसळेल, कधी भलत्याच कुणाचा डेटा हातात येईल. उलटी यादी वापरायची तर आधी सगळे पॉइंटर कुठेतरी साठवा, फेरी पूर्ण होऊ द्या, मगच `free` करायला घ्या, म्हणजे ट्री मोडण्यासाठी ट्रीतल्या नोडांइतक्या पॉइंटरांची आणखी मेमरी मागा, आणि मेमरी कमी पडतेय म्हणूनच ट्री मोडायला घेतला असेल तर तीही मिळायची नाही.